पाठीवर १९६६, अंगावर नऊवारी: खोकं हरवलेली बार्बी ओळखताना

प्रश्न: आईच्या ट्रंकेत एक बार्बी सापडली. पाठीवर १९६६ असं कोरलंय, म्हणजे ती जवळजवळ साठ वर्षांची का? अंगावर नऊवारी आहे, म्हणून ती भारतात निघणाऱ्या साडीवाल्या बार्बीपैकी असावी असं वाटतं. केस सोनेरी, खांद्यापर्यंत, चुरगळल्यासारखे. खोकं नाही, फक्त गुलाबी पुठ्ठ्याचा एक तुकडा आहे. सोबत पिशवीत एक रंगीबेरंगी फ्रॉक, एकच जोड बूट, एक कंगवा आणि एक लोकरीचं जाकीट आहे. ही नक्की कोणती बाहुली? (दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर:

बाहुली तुम्ही माझ्याकडे ठेवून गेलात म्हणून हातात घेऊन, उलटून-पालटून सांगते. नुसत्या फोटोवरून मी इतकं ठामपणे बोलले नसते. साठ वर्षांची नाही आणि भारतातली तर नाहीच. १९९२ साली बाजारात आलेली टोटली हेअर बार्बी आहे ही, सोनेरी केसांची. हे कसं ठरलं ते क्रमानं सांगते, कारण ट्रंकेत आणखी बाहुल्या असतील तर तोच क्रम तुम्हाला घरीही वापरता येईल.

आधी त्या १९६६ चा निकाल लावू. हा आकडा बघून फसणारी माणसं मला सतत भेटतात. जुना माल विकणारेही तो मोठ्या खुशीत दाखवतात. तो बाहुलीच्या जन्माचा आकडा नाही. कंबर फिरणारं जे शरीर बार्बी काढणाऱ्या मॅटेल कंपनीने १९६७ च्या बाहुल्यांसाठी आणलं, त्याच्या साच्याच्या हक्काचं ते साल आहे. ते शरीर कंपनीनं पुढे तीस वर्षांहून अधिक काळ चालवलं आणि साल कोरलेलं तसंच राहिलं. म्हणजे पाठीवर १९६६ असलेली बाहुली १९६७ ची असू शकते, १९८५ ची असू शकते आणि १९९७ चीही असू शकते. या आकड्यावरून एवढंच कळतं की बाहुली १९६७ च्या आधीची नाही.

दुसरं साल डोक्यावर असतं आणि ते बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. मानेच्या मागे केस वर उचलले की डोक्याच्या कडेवर बारीक अक्षरं दिसतात. तुमच्या बाहुलीवर तिथे १९७६ आहे. हेसुद्धा साच्याचंच साल. रुंद हसू, दात दिसणारे आणि गालाला किंचित गोलाई असा हा चेहरा १९७७ च्या सुपरस्टार बार्बीबरोबर आला आणि नव्वदच्या दशकातही त्याच चेहऱ्यानं कैक बाहुल्या निघाल्या. तेव्हा या दोन आकड्यांतला जो अलीकडचा तो धरायचा आणि म्हणायचं, बाहुली याच्या आधीची नाही. पाठ म्हणते १९६६ आणि मान म्हणते १९७६, तर मानेचं ऐकायचं. दोन्ही तपासण्याला आणखी एक कारण आहे. मुलं डोकी काढून एकमेकींच्या धडांवर बसवतात. मानेचा आणि छातीचा रंग दिवसाच्या उजेडात जवळ धरून बघा. तुमच्या बाहुलीत दोन्ही एकाच छटेचे आहेत आणि मानेचा सांधा कधी ओढल्यासारखा पांढरट पडलेला नाही. डोकं मूळचंच आहे.

अक्षरं वाचताना एक करा. वरून फ्लॅश मारू नका, अक्षरं सपाट होतात. खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी अगदी आडवी, त्वचेला जवळजवळ टेकवून धरा. कोरीव अक्षरांच्या सावल्या पडतात आणि न दिसणारी ओळसुद्धा उमटते. असंच बघितल्यावर पाठीवरची शेवटची ओळ वाचता आली, मलेशिया. या ओळीनं तुमचा दुसरा प्रश्न संपतो. भारतात मॅटेलच्या बाहुल्या ऐंशीच्या दशकापासून लिओ मॅटेल या नावाने निघत होत्या आणि नव्वदच्या दशकात रूपवती राजस्थानी, सोनी पंजाबन अशा नावांची प्रांतोप्रांतीच्या पेहरावांची मालिकाही आली. भारतात घडलेल्या बाहुलीवर देशाच्या ओळीत इंडिया येतं. मलेशियाची बाहुली बाहेरून आलेली. त्या काळात बडोद्यातल्या घराघरांत अमेरिकेतला किंवा इंग्लंडातला एखादा नातेवाईक असायचाच, तेव्हा यात नवल काहीच नाही.

नऊवारीबद्दल तर शंकाच नको, ती घरी शिवलेली आहे. चोळीचा खण उलटा करून पाहिला. शिवण हाताची, टाके कमी-जास्त लांबीचे, आणि मागचा हूक माणसाच्या ब्लाउजचा आहे, बाहुलीच्या पाठीला तो अर्धी पाठ व्यापून बसलाय. कारखान्यात शिवलेल्या कपड्याला मशीनची एकसारखी शिवण असते आणि नव्वदच्या दशकातल्या बाहुलीला मागून वेलक्रोची बारीक पट्टी असते. साठच्या दशकातल्या कपड्यांना धातूची टिचबटणं आणि कुठे कुठे इवलीशी चेन दिसते. घरच्या कपड्यावरून बाहुली ओळखता येत नाही, पण तो बाजूला सारायचाही नाही. आपल्याकडे घरी शिवलेल्या साडीखाली मूळ बाहुली फार चांगली टिकते. बाहुल्यांचे गुडघे नि पोटऱ्या उन्हानं पिवळ्या पडलेल्या मी नेहमी बघते, तुमचीच्या झाकलेल्या जागी मूळ रंग शाबूत आहे.

आता केस. खरा निवाडा इथेच होतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

बाहुलीचे केस डोक्यात मशीनने झुपक्याझुपक्यानं रोवलेले असतात. केस विंचरून बाजूला केले की टाळूवर भोकांच्या रांगा दिसतात. या रांगा मूळ केशभूषा सांगतात, कारण मुलांनी केस कसेही बांधले, कापले, तरी भोकं बदलत नाहीत. ज्या बाहुलीचे केस मुळात वर ओढून पोनी घातलेले असतात तिच्या डोक्याच्या कडेनं झुपके दाट असतात आणि मध्ये विरळ. अगदी पहिल्या १९५९ च्या पोनीवाल्या बार्बीची पोनी सोडली की मधलं डोकं उघडं पडतं ते म्हणूनच. भांग असलेल्या बाहुलीत भांगाच्या दोन्ही बाजूंना झुपके जास्त जवळ असतात. तुमच्या बाहुलीचं सगळं डोकं सारखं दाट आहे, कुठे जागा सोडलेली नाही. म्हणजे हे केस मोकळे सोडण्यासाठीच रोवलेले होते, आणि तेही भरपूर.

मग पोत. तुम्ही चुरगळल्यासारखे म्हणालात, ते कारखान्यातच तापवून केलेलं बारीक नागमोडी क्रिम्प आहे. वेणी घालून सोडल्यावर जी लाट येते तिच्यातून हे ओळखायचं कसं? वेणीची लाट मोठी असते, मुळाशी नसते आणि टोकाकडे अंतर कमी होत जातं. क्रिम्पचे मोड मुळापासून टोकापर्यंत एका मापाचे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे असतात. तुमच्या बाहुलीत ते कानामागे आणि मानेजवळ स्पष्ट आहेत आणि वरच्या थरात सपाट झालेत. कुणीतरी कधीतरी गरम पाण्यानं केस धुतले असणार. गरम पाण्यानं हा घाट मोडतो, म्हणून पोत नेहमी मानेजवळच्या आतल्या थरात बघावा, तिथे हात कमी पोचतो.

आणि लांबी. सध्या केस खांद्याला टेकतात. पण हे मोड शेवटच्या टोकापर्यंत तसेच चालू आहेत आणि तिथे अचानक, आडवे तुटलेत. शिवाय केस सरळ ओढून वेगवेगळ्या ठिकाणी पट्टी लावली, तर मानेजवळचा झुपका सर्वांत तोकडा आणि कपाळाकडचा त्याहून बराच लांब भरला. केस मागे एका मुठीत धरून कात्री चालवली की असंच होतं, कारण पुढच्या केसांना मुठीपर्यंत यायला जास्त अंतर लागतं. म्हणजे कापणारा कारखाना नव्हता, घरातलं कुणीतरी होतं. कोण ते तुमच्या घरी विचारा!

एवढ्यावरूनही मूळ लांबी कळत नव्हती. ती कळली डाव्या कानामागच्या एका गाठीमुळे. तिथे रबरबँड विरघळून चिकट झाला होता आणि त्याच्यात केसांची एक बारीकशी वेणी गुंडाळून बसली होती. कात्रीच्या वेळी ती आत दुमडलेली असल्यामुळे वाचली. खोबरेल तेलाचा थेंब लावून, लाकडी टूथपिकने रबर खरवडून ती वेणी सोडवली आणि खाली सोडली, तर टोक बाहुलीच्या घोट्यापाशी आलं. साडेअकरा इंचांची बाहुली आणि जवळपास पायापर्यंत क्रिम्प केलेले केस. या दोन गोष्टी एकत्र आल्या की यादी फारच छोटी होते. टोटली हेअरची जाहिरातच साडेदहा इंच केसांची होती.

छोटी होते म्हटलं, संपते असं नाही. बार्बीच्या त्या काळात लांब केसांची लाट आली होती. टोटली हेअरच्या मागोमाग हॉलिवूड हेअर आली, तिचे केसही लांब, पण तिचा थाट सोनेरी ताऱ्यांचा. पुढे ज्वेल हेअर मर्मेड आली, तिला तर केसांबरोबर माशाची शेपटी. नुसत्या केसांवर मी या तिघींत निवड केली नसती. त्यासाठी तुमच्या पिशवीकडे वळावं लागतं.

पिशवीतला फ्रॉक हा तोकडा, लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा, आणि त्यावर गडद रंगांच्या वळ्यावळ्यांची नक्षी. साठच्या दशकातल्या इटालियन फॅशनची आठवण करून देणारी ही नक्षी टोटली हेअरची ओळख आहे. मागे वेलक्रो, शिवण मशीनची. आत बार्बीच्या नावाची पट्टी नाही म्हणून तुम्हाला तो नकली वाटला होता. पट्टी नसणं हा पुरावा धरू नका. वेगळ्या विकलेल्या कपड्यांना पट्टी बरेचदा असते, पण बाहुलीच्या अंगावर आलेल्या कित्येक कपड्यांना ती नसतेच. उलट चूकही तितकीच सहज होते. पट्टी असलेला अस्सल कपडा दुसऱ्याच बाहुलीचा असू शकतो. म्हणून मी फ्रॉक घालून बघते. मापाचा असेल तर वेलक्रोची दोन्ही तोंडं न ताणता जुळतात, तुमचीही जुळली.

कंगव्याचं काय? त्या बाहुलीबरोबर लांब दातांचा केस उचलायचा कंगवा होता आणि अमेरिकेत डेप नावाच्या केसांच्या जेलची ट्यूबही. जेल आता कुठे मिळायचं, पण तुमचा कंगवा लांब दातांचाच आहे, तेव्हा तो जुळतो. एवढंच म्हणते. कंगवे सगळ्यात जास्त अदलाबदल होणारी वस्तू, त्यांच्यावर मी कधीच भार टाकत नाही. बुटांचंही तेच. तळव्यावर देशाचं नाव असतं, तेवढं भिंगातून वाचून ठेवा, पण गुलाबी टाचांचे बूट कितीतरी बाहुल्यांबरोबर आले. लोकरीचं जाकीट मात्र खात्रीनं या बाहुलीचं नाही. विणकाम हाताचं, गुंड्या खऱ्या शर्टाच्या. कुणीतरी थंडीची काळजी केलेली दिसते.

आता तो पुठ्ठ्याचा तुकडा. तुम्ही तो टाकून देणार होतात! खोक्याचा एवढासा तुकडा कधी कधी सगळ्या बाहुलीपेक्षा जास्त बोलतो. त्याच्यावर बारकोडच्या काळ्या रेघा आहेत आणि खाली अंक: ० ७४२९९ ०११, पुढे फाटलंय. ऐंशी-नव्वदच्या दशकात मॅटेलच्या अमेरिकी खोक्यांवर बारकोड ० ७४२९९ पासून सुरू व्हायचा आणि त्यानंतरच्या पाच अंकांत बाहुलीचा माल क्रमांकच असायचा, चार अंकी असेल तर आधी शून्य लावून. म्हणजे तुमच्या खोक्यावरचा क्रमांक ११ पासून सुरू होणारा, चार अंकी. सोनेरी टोटली हेअरचा क्रमांक १११२. तपकिरी केसांचीचा १११७, आणि त्याच मालिकेतल्या केनचा १११५. फाटलेला भाग गेला तरी केसांचा रंग सोनेरी आहे, म्हणून १११२. गुलाबी रंग स्वतः काही सांगत नाही, त्या काळातलं अर्धं दुकान गुलाबी होतं.

बारकोडचा आणखी एक उपयोग. २०१७ साली याच बाहुलीची पंचविसाव्या वर्षानिमित्त नक्कल, म्हणजे कंपनीनेच काढलेली नवी आवृत्ती आली. फोटोत दोघी सारख्याच दिसतात. त्या सुमाराच्या मॅटेलच्या खोक्यांवर बारकोड ८८७९६१ ने सुरू व्हायचा. तुमचा ७४२९९ चा आहे, तेव्हा तो प्रश्नच मिटला. आणि कुणी मूळ खोकं विकायला दाखवलं तर त्यावरचं साल १९९१ असेल, बाहुली १९९२ ची असूनही. मॅटेलच्या खोक्यावरचं साल बहुधा विक्रीच्या आदल्या वर्षाचं असतं. म्हणूनच याद्यांमध्ये एकच बाहुली कुणी १९९१ ची लिहितो, कुणी १९९२ ची, आणि मग भांडणं होतात. खोकं इंग्लंड-युरोपातून आलेलं असेल तर त्यावर नावही वेगळं, अल्ट्रा हेअर. नाव वेगळं म्हणून बाहुली वेगळी समजू नका.

तुमच्या भावाच्या खेळण्यातल्या हिरोंबद्दल जाता जाता विचारलंत, तर हाच हिशोब तिथेही लावा. ही-मॅनच्या पाठीवरचं १९८१ हेही साच्याच्याच हक्काचं साल. फनस्कूलने भारतात काढलेल्या जी. आय. जो फौजेत मात्र एक अडचण आहे. तिथे रंग अमेरिकी आवृत्तीपेक्षा वेगळे आणि हात-पाय-डोकीही एकमेकांची, म्हणून अमेरिकी यादीत न बसणारा शिपाई लगेच नकली ठरवू नका. आधी कोरीव अक्षरांत देशाचं नाव शोधा.

काय ठरत नाही तेही सांगते. हा फ्रॉक याच बाहुलीच्या अंगावर खोक्यातून आला होता की त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या बाहुलीचा, हे कुणीही सांगू शकणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत, एकाच घरात होत्या, म्हणून तो याच बाहुलीचा मानायला मी तयार आहे. विकताना मात्र तसं लिहा: ‘फ्रॉक मूळ आवृत्तीचा, याच बाहुलीचा असण्याची दाट शक्यता’. आणि केस कापलेले आहेत हे पहिल्याच ओळीत लिहा. या बाहुलीची सगळी मिजास केसांवर, आणि तीच गेली की शौकीन माणूस भाव पाडून मागतो. तशीही ती दुर्मिळ नाही. जगभर एक कोटीच्या वर खपलेली, बार्बीच्या इतिहासातली सर्वांत जास्त विकली गेलेली म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तेव्हा मंगळबाजारात कुणी हजारोंचा आकडा सांगून डोळे विस्फारले, तर हसून पुढे चला.

घरी नेल्यावर दोन कामं करू नका. एक, केस समान करायला पुन्हा कात्री लावू नका. ती एक लांब बट हा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे आणि तिच्यासकट फोटो काढून ठेवा, पट्टी शेजारी धरून. दोन, फ्रॉक साबणात भिजवू नका. अशा गडद नक्षीचा रंग सुटतो आणि गुलाबी डाग बाहुलीच्या अंगात मुरला की तो निघत नाही. ओल्या कापसानं आतल्या शिवणीवर टिपून बघा, कापसाला रंग लागला तर फ्रॉक तसाच कोरडा ठेवा आणि बाहुलीच्या अंगावर चढवून ठेवू नका, मध्ये पातळ मलमलीचा तुकडा असू द्या. नऊवारीही वेगळ्या पुडीत ठेवा, तिच्या हुकाचा गंज सगळ्यांना लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा मात्र एका वहीच्या पानांत सपाट दाबून, वरून मागच्या बाजूला पेन्सिलनं ‘१११२’ लिहून ठेवा, चिकटपट्टी न लावता.